थेंब कोणत्या चौकोनात उतरेल?

डोंगरउतारावरच्या नाल्यावर बांध घालायचा ठरलं की पहिला प्रश्न येतो: या जागी वरच्या नेमक्या किती जमिनीचं पाणी येतं? पूर्वी याचं उत्तर १:५०,००० च्या सर्वेक्षण नकाशावर पेन्सिलने धार आखून शोधत. त्या नकाशात समोच्च रेषा दर २० मीटर उंचीला एक, म्हणजे सव्वाशे मीटरच्या टेकडीवर जेमतेम सहा रेषा. उरलेलं काम अंदाजाचं.

आता बहुतेक ठिकाणी हे काम उंचीच्या अंकीय प्रतिमानावर, म्हणजे ‘डेम’वर होतं. डेम म्हणजे जमिनीवर अंथरलेली चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनात त्या जागेची उंची मीटरमध्ये. २००० साली अमेरिकी अवकाशयानातून झालेल्या रडार मोजणीचं ३० मीटर चौकोनांचं डेम फुकट मिळतं. ते अक्षांश-रेखांशात असतं, म्हणून आधी मीटरच्या प्रक्षेपणात आणावं लागतं. पश्चिम महाराष्ट्रासाठी EPSG:32643. ही पायरी चुकली तर संगणक अंतर अंशांत आणि उंची मीटरांत धरतो. मग सगळा डोंगर जवळजवळ ९० अंशांचा कडा दिसतो. चूक ओळखायची ती इथेच.

आता एकच चौकोन घेऊ. त्याची उंची ६३२ मीटर आणि भोवतीचे आठ शेजारी असे:

```
642  640  635
636  632  627
630  624  619
```

वरची बाजू उत्तर. उतार काढताना मधला शेजारी दुप्पट वजनाने धरतात. तशी पश्चिमेच्या रांगेची सरासरी येते ६३६ आणि पूर्वेची ६२७, म्हणजे ६० मीटरांत ९ मीटरचा उतार. उत्तरेची सरासरी ६३९.२५ आणि दक्षिणेची ६२४.२५, म्हणजे १५ मीटरचा उतार. ९ आणि १५ या काटकोनातल्या दोन बाजू. त्यांचा कर्ण साडेसतरा मीटर. साठात साडेसतरा म्हणजे सुमारे २९ टक्के, अर्थात १६ अंश. याच दोन आकड्यांवरून उताराचं तोंडही कळतं: दक्षिणेकडे जास्त, पूर्वेकडे कमी, म्हणजे उत्तरेपासून १४९ अंशांवर, आग्नेयेला.

पण ही सरासरी आहे, हे विसरायचं नाही. आपले बेसॉल्टचे डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. दोन सपाट टप्प्यांमधला २० मीटरचा उभा कडा ६० मीटरांवर पसरला की १८ अंशांचा साधा उतार होऊन बसतो. कागदावर तिथे सलग समतल चर खोदता येतील असं दिसतं, जागेवर मात्र कातळ उभा असतो.

पाणलोटाची हद्द काढताना संगणक प्रत्येक चौकोनाला विचारतो: तुझं पाणी आठांपैकी कुणाकडे जाईल? आपल्या चौकोनातून दक्षिणेला ३० मीटरांत ८ मीटरचा उतार आहे. आग्नेयेला तो १३ मीटरचा, पण तिरकं अंतर ४२ मीटर. तरीही आग्नेयेचा उतार तीव्र, म्हणून पाणी तिकडे. त्याआधी खड्डे बुजवावे लागतात. मोजणीतल्या चुकीमुळे एखादा चौकोन आठही शेजाऱ्यांपेक्षा खाली दिसला, तर पाणी तिथेच अडतं आणि नाला मध्येच तुटतो. उतार मात्र खड्डे न बुजवलेल्या मूळ डेमवरूनच काढावा, कारण बुजवलेली जागा खोटी सपाट असते.

मग प्रत्येक चौकोनात वरून किती चौकोनांचं पाणी येतं ते मोजतात. मोठ्या आकड्यांची माळ दिसते, तो नाला. बांधाची जागा दाखवली की तिथे पाणी आणणारे सगळे चौकोन गोळा होतात आणि त्यांची कड म्हणजे पाणलोटाची हद्द. समजा उत्तर आलं ४४४ चौकोन, म्हणजे ४० हेक्टर. पण बांधाचा बिंदू दहा मीटर सरकून नाल्याशेजारच्या चौकोनात पडला, तर उत्तर तीनच चौकोनांचं, पाव हेक्टरचं येऊ शकतं. म्हणून बिंदू आधी त्या माळेवर सरकवून घेतात.

लहान पाणलोटाची खरी अडचण कडेला आहे. ४४४ चौकोनांतले सुमारे ८० हद्दीवरच बसतात, जवळजवळ पाचवा हिस्सा. शंभरपट मोठ्या पाणलोटात हा हिस्सा दोन टक्क्यांच्या आत येतो. त्यातच डोंगरकडेच्या रस्त्याचं मीटरभर रुंद गटार ३० मीटरच्या चौकोनाला दिसतच नाही. वरचं पाणी ते आडवं नेऊन पलीकडच्या नाल्यात सोडत असलं, तरी डेम ते आपल्याच बांधाच्या नावे मांडतं. म्हणून हद्द छापून घ्यावी आणि जोराच्या सरीत धारेवरून चालावं. जिथे पाणी रेषा ओलांडताना दिसेल, तिथे दुरुस्ती रेषेची करायची.