पंपघरातला काटा काय सांगतो

सोसायटीच्या पंपघरात लाल पाइपवर प्रेशर गेज असतो. समितीने आधी तो वाचायला शिकावे.

समजा, इमारत ४५ मीटर उंच आहे. पाण्याचा १० मीटर उंच स्तंभ तळाशी साधारण १ किलो दाब देतो. म्हणजे वेट रायझर नुसता भरलेला असला, तरी खाली साडेचार किलो दिसतील. पण सर्वांत वरच्या हायड्रंटला साडेतीन किलो दाब हवा. म्हणून खालचा काटा निदान आठच्या वर हवा. तो साडेचारवर स्थिरावला असेल, तर वरच्या मजल्यावर नळीतून नुसती धार गळेल. बहुतेकदा कारण साधे असते: पॅनेल ‘ऑटो’ऐवजी ‘मॅन्युअल’वर. गळती झाली की जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो. त्या आवाजाला कंटाळून कुणीतरी बटण फिरवते. हे मला फार धोक्याचे वाटते. गळती शोधा, पंप बंद करू नका.

चाचणीसाठी वरचा हायड्रंट किंचित उघडा: जॉकी सुरू व्हायला हवा. पूर्ण उघडल्यावर मुख्य पंप.

स्प्रिंकलरची लाल काचकुपी ६८ अंशांना फुटते, आणि फक्त तापलेलीच फुटते. सगळे घर भिजत नाही. तिच्यावर रंग लागला असेल, तर तो स्प्रिंकलरच बदलावा.

राखीव पाण्यासाठी टाकीत वाकून पाहा. घरगुती पंपाचा सक्शन पाइप राखीव पातळीच्या वरच संपायला हवा. टंचाईत तो खाली वाढवला जातो. महाराष्ट्रात जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून ‘बी’ प्रमाणपत्र घ्यावे लागते. सहीपूर्वी या चाचण्या आपल्यासमोर करून घ्या.