कुलूप लावलेली सुधारगृहे: तुरुंग-उन्मूलनाचा एक प्रत्यक्ष प्रयोग

तुरुंग-उन्मूलनवादाचा दावा असा की, तुरुंगाचे दोष दुरुस्तीने जात नाहीत. त्यामुळे तुरुंगाची गरजच हळूहळू संपवली पाहिजे. नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ थॉमस माथिसन यांनी 1974 साली या विचाराला शिस्तबद्ध रूप दिले. सुधारणा दोन प्रकारच्या असतात, असे त्यांचे म्हणणे होते. काही सुधारणांमुळे तुरुंग अधिक सुसह्य दिसतो आणि म्हणूनच अधिक टिकतो. दुसऱ्या प्रकारच्या सुधारणा त्याचा एखादा भाग कायमचा काढून टाकतात. उन्मूलनवाद्याने दुसऱ्या प्रकारचा आग्रह धरावा आणि ‘मग त्याजागी काय?’ या प्रश्नाचे पूर्ण तयार उत्तर हाती येईपर्यंत थांबू नये. त्यांचेच सहकारी निल्स क्रिस्टी यांनी 1977 मध्ये वेगळा मुद्दा मांडला: गुन्हा हा मुळात दोन माणसांमधला तंटा असतो आणि राज्यसंस्था, वकील व न्यायाधीश तो त्यांच्या हातून काढून घेतात. त्यात पीडिताला ना भरपाई मिळते, ना आपले म्हणणे मांडायची जागा.

हे युक्तिवाद कागदावर पटतात. पण त्यांची कसोटी लागते ती एखादी संस्था खरोखर बंद करताना. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ती लागली. वेस्टबरो येथील लायमन स्कूल ही 1848 साली मुलांसाठी सुरू झालेली सरकारी सुधारशाळा. शतकभरानंतर तिथे आणि शर्ली येथील शाळेत मारहाण व एकांतकोठड्या चालू असल्याच्या तक्रारी वारंवार येऊ लागल्या. 1969 मध्ये राज्यपाल फ्रान्सिस सार्जंट यांनी जेरोम मिलर यांना युवा सेवा विभागाचे आयुक्त नेमले.

मिलर यांनी आधी सुधारणेचाच मार्ग धरला. मुलांना स्वतःचे कपडे घालू दिले, केस वाढवू दिले, गप्प बसण्याची सक्ती उठवली. कर्मचाऱ्यांतून मात्र कडवा विरोध झाला. नव्या सवलती दिल्या तरी जुनी शिस्त मागच्या दाराने परत येते, हे त्यांच्या लक्षात आले. माथिसन ज्याचा इशारा पुस्तकात पुढे देणार होते, ते मिलर कारभारात अनुभवत होते. 1970 मध्ये ब्रिजवॉटरची संस्था बंद झाली. जानेवारी 1972 मध्ये, विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना, लायमनमधील मुले मोटारींच्या ताफ्यातून ॲमहर्स्ट येथील विद्यापीठात नेण्यात आली. तिथे सुमारे शंभर मुले जवळपास महिनाभर विद्यार्थी-स्वयंसेवकांच्या सोबतीने राहिली आणि दरम्यान त्यांच्यासाठी पुढची सोय शोधली गेली. काही मुले पळूनही गेली.

इतकी घाई का? मिलर यांचा हिशेब असा होता की, इमारत उभी आहे तोवर अंदाजपत्रकातला पैसा आणि नोकऱ्या तिच्याशीच बांधलेल्या राहतात. पर्याय तयार होईपर्यंत थांबायचे, तर पर्यायाला पैसाच मिळत नाही. सुरुवातीचा खर्च बराचसा केंद्रीय अनुदानांतून भागवला गेला. खासगी संस्थांशी करार करून छोटी गटनिवासे, पालक-कुटुंबे, दिवसा चालणारी केंद्रे आणि प्रत्येक मुलामागे एक पाठीराखा, अशी विभागीय व्यवस्था उभारली गेली. थोड्या मुलांसाठी मात्र बंदिस्त जागा ठेवाव्या लागल्या. उन्मूलनवादाच्या टीकाकारांचा सर्वात जड प्रश्न इथेच येतो: खरोखर धोकादायक व्यक्तींचे काय? बहुतेक उन्मूलनवादी अशा व्यक्ती असतात, हे नाकारत नाहीत. त्या मोजक्यांसाठी उभारलेली व्यवस्था इतर सर्वांवर का लादायची, असा त्यांचा प्रतिप्रश्न असतो. तो रास्त आहे, पण मोजके कोण हे ठरवणार कोण, हा भाग अनुत्तरित राहतो.

परिणाम काय झाला? हार्वर्डच्या लॉइड ओलिन यांच्या गटाने अनेक वर्षे पाठपुरावा केला. राज्यभराचा एकूण आकडा पाहता पुन्हा गुन्ह्याकडे वळणाऱ्या मुलांचे प्रमाण घटले नाही. उलट ते किंचित वाढलेले दिसले. किरकोळ प्रकरणे आता विभागापर्यंत पोहोचतच नव्हती आणि उरलेली मुले अधिक गंभीर प्रकरणांतली होती, हे त्याचे एक कारण सांगितले गेले. मात्र ज्या विभागांत पर्यायी कार्यक्रमांची विविधता खरोखर उभी राहिली, तिथले निकाल चांगले होते. जिथे शाळा बंद झाली पण पर्याय तोकडे राहिले, तिथे तसे झाले नाही. म्हणजे बंद करण्याच्या निर्णयाइतकाच नंतरचा खर्च आणि माणूसबळ निर्णायक ठरले.

दुसरा धोका गुन्हेशास्त्रज्ञ स्टॅनली कोहेन यांनी 1985 मध्ये दाखवला. पर्याय स्वस्त आणि सौम्य असले की, पूर्वी समज देऊन सोडलेल्यांनाही त्यांत ओढले जाते आणि देखरेखीचे जाळे आणखी पसरते. याची खूण ओळखता येते: पर्यायांत दाखल होणाऱ्यांची संख्या वाढते, पण कोठडीतली माणसे तितकी कमी होत नाहीत. प्रयोगाची पारख म्हणूनच या दोन संख्या शेजारी ठेवून करावी लागते.

मिलर 1973 च्या आरंभी मॅसॅच्युसेट्स सोडून इलिनॉयला गेले. त्यांच्या पश्चात बंदिस्त खाटा काही प्रमाणात वाढल्या, पण मुलांच्या त्या मोठ्या सुधारशाळा पुन्हा उघडल्या नाहीत. त्याच राज्यातील प्रौढांच्या तुरुंगांपर्यंत मात्र हा प्रयोग कधी पोहोचला नाही.