कुत्र्यासह कोकणात: सहल ठरवावी तिथी पाहून

हिवाळ्यातल्या सुट्ट्या आल्या की पुण्या-मुंबईतली माणसं कोकणाकडे निघतात. अलीकडे त्यांच्या गाडीत मागच्या काचेतून बाहेर बघणारं कुत्र्याचं तोंडही बरेचदा दिसतं. घरातलं लाडकं जनावर चार दिवस कुणाकडे ठेवायचं, या प्रश्नाला अनेक कुटुंबांनी दिलेलं हे सरळ उत्तर आहे. पण बेत मात्र माणसांच्या सोयीनेच आखला जातो. सावकाश उठून नाश्ता करून निघायचं, भर दुपारी समुद्र गाठायचा आणि संध्याकाळी देवळं करायची. कुत्र्याला हाच बेत सर्वांत जास्त त्रासाचा ठरतो.

कारण त्याच्या शरीरात आहे. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तळपायांना थोडा येतो, पण त्याने अंग गार होत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय, आणि हवा दमट असली की तोही नीट चालत नाही. किनाऱ्यावरची हवा दमटच असते. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. ते १०५च्या पुढे गेलं की उष्माघाताचा धोका उभा राहतो. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. त्यांच्यावर ही वेळ फार लवकर येते, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत त्यांना किनाऱ्यावर नेऊच नये.

सहल कुठे न्यायची, यापेक्षा किनाऱ्यावर कोणत्या वेळी असायचं हा प्रश्न म्हणूनच आधी सोडवावा लागतो. त्याचं उत्तर घरातल्या कॅलेंडरवर असतं. कोकणातली जुनी माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाच्या आसपास येते, सकाळीही आणि संध्याकाळीही. म्हणजे ऊन नसतं नेमक्या त्याच वेळी पाणी वर चढलेलं असतं आणि फिरायला उरते ती सुरूच्या बनालगतची कोरडी, पाय रुतवणारी वाळू. पौर्णिमा किंवा अमावास्येपासून तृतीयेपर्यंतचे दिवस याच्या उलट. भरती दुपारी होऊन जाते आणि पहाटेपासून सकाळपर्यंत, तसंच संध्याकाळी, पाणी दूर ओसरलेलं असतं. ओली, घट्ट, गार पुळण लांबवर मोकळी मिळते. कुत्र्याच्या सांध्यांना ती सोसते, तळव्यांना भाजत नाही, आणि आजीलाही तिच्यावरून आरामात चालता येतं. हा हिशेब अंदाजाचा असतो. नेमकी वेळ गावातल्या कोळ्यांना विचारून घ्यावी.

समजा, पुण्यातलं एक कुटुंब आहे. आई-वडील, दहा वर्षांचा मुलगा, आजी आणि सहा वर्षांची, तीस किलोची लॅब्राडोर कुत्री. त्यांनी दिवेआगर निवडलं. ताम्हिणी घाटातून माणगाव आणि म्हसळा करत हा रस्ता जातो. किनारा लांब आणि सपाट, मागे माड-सुपारीच्या वाड्या, आणि वाड्यांमध्येच घरगुती मुक्कामाची सोय. मुक्काम ठरवताना ‘कुत्रा चालेल का’ एवढंच विचारून भागत नाही. खोली तळमजल्यावर आहे का, अंगणाला फाटक आहे का, यजमानांचं स्वतःचं कुत्रं आहे का, आणि वाडीत कोंबड्या किंवा मांजरं मोकळी फिरतात का, हे विचारावं. शहरात वाढलेल्या शांत कुत्र्याचीही कोंबडी दिसल्यावर शिकारी वृत्ती जागी होऊ शकते, आणि मग यजमानाशी असलेलं नातं पहिल्याच तासात बिघडतं.

निघायची वेळ पहाटे साडेपाचची. कुत्रीला रात्री नेहमीचं जेवण द्यायचं, सकाळी मात्र फक्त पाणी. भरल्या पोटी घाटाची वळणं घेतली की मळमळ होतेच. मळमळीची खूण उलटीच्या बरीच आधी दिसते. कुत्रं सारखं ओठ चाटतं, जांभया देतं, लाळ गळते. तेव्हाच गाडी थांबवून त्याला पाच मिनिटं जमिनीवर उभं करावं. ज्या कुत्र्यांना हा त्रास नेहमीचा आहे, त्यांच्यासाठी पशुवैद्य आधी घ्यायची गोळी देतात. माणसांची गोळी मनाने देऊ नये. बसण्याची जागा मागच्या सीटवर, छातीला हार्नेस आणि तो सीटबेल्टला अडकवलेला. पुढच्या सीटवर, कुणाच्या मांडीवर बसवणं धोक्याचं, कारण एअरबॅग उघडली तर तिचा धक्का थेट त्याच्यावर बसतो. दर दोन तासांनी एक थांबा घ्यायचा, आणि दार उघडण्याआधी पट्टा हातात घ्यायचा. अनोळखी रस्त्यावर कुत्री हरवतात ती बहुधा अशा थांब्यांवरच.

वाटेत चहासाठी सगळ्यांनी उतरून कुत्रीला बंद गाडीत ठेवणं मात्र अगदी थोड्या वेळासाठीही नको. उन्हातल्या गाडीतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच दहा अंश सेल्सिअसने चढू शकतं, आणि काच दोन बोटं खाली ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. एकाने बाहेर सावलीत तिच्याजवळ थांबायचं, बाकीच्यांनी आळीपाळीने जायचं. या सहलीची हीच मुख्य शिस्त आहे, आणि ती चारही दिवस पाळावी लागते.

साडेदहापर्यंत कुटुंब मुक्कामी पोहोचतं. दुपार खोलीत, पंख्याखाली. एवढ्या वजनाच्या कुत्रीला दिवसाला साधारण दीड ते दोन लिटर पाणी लागतं आणि किनाऱ्यावर त्याहून जास्त, त्यामुळे भांडं सतत भरलेलं हवं. साडेचारला रस्त्यावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून पाहायची. हात टेकवत नसेल तर तिचे तळवेही भाजणार, मग आणखी अर्धा तास थांबायचं.

किनाऱ्यावर पोहोचल्यावर पहिलं लक्ष तिच्या तोंडाकडे. चेंडूमागे लाटांत धावणारं कुत्रं दर वेळी थोडं खारं पाणी गिळतं. थोड्याने जुलाब होतात, जास्तीने उलट्या, झोकांड्या आणि झटके येतात. म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी बाहेर बोलवून गोडं पाणी पाजायचं, आणि खेळ पाऊण तासात थांबवायचा. चेंडूला चिकटलेली वाळूही पोटात जाते आणि साठली तर आतडी अडवते. पण सर्वांत मोठा धोका जाळ्यातून झटकून टाकलेल्या माशांचा. त्यांत कधी गळाचा काटा अडकलेला असतो, कधी केंड मासा असतो. फुगून गोल होणाऱ्या या माशात मज्जातंतू लुळे पाडणारं विष असतं आणि त्यावर उतारा नाही. खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर होते, पाय लटपटतात, श्वास मंदावतो. अशा वेळी एक क्षण न दवडता दवाखाना गाठायचा. ‘सोड’ ही आज्ञा पक्की येत नसेल तर कोळ्यांच्या होड्या लागतात त्या भागात पट्टा हातातून सोडूच नये.

पट्टा न सोडण्याचं दुसरं कारण कासवं. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या कोकणच्या किनाऱ्यांवर रात्री येऊन वाळूत अंडी घालतात, आणि पिल्लं मेपर्यंत बाहेर पडत राहतात. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर, दिवेआगर ही गावं त्यासाठी ओळखली जातात. अंड्यांचा वास कुत्र्याला वरून येतो आणि काही मिनिटांत तो घरटं उकरून टाकतो. गावकरी आणि वन विभाग अंडी जाळीच्या कुंपणात हलवून राखतात, पण रात्री घातलेली अंडी सकाळी सापडेपर्यंत उघडीच असतात. उजाडण्याआधी कुत्र्याला मोकळं सोडणं म्हणूनच अयोग्य. वेळासच्या कासव महोत्सवाला जायचं असेल तर कुत्र्याला घरीच ठेवावं. अभयारण्यांबाबतही तसंच. पाळीव कुत्र्याला तिथे प्रवेश नसतो आणि त्यामागे ठोस कारण आहे. कुत्र्यांत आढळणारा डिस्टेंपर हा विषाणू २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये सापडला होता आणि त्या वर्षी तिथे वीसहून अधिक सिंह दगावले.

दुसऱ्या दिवशी आजीला हरिहरेश्वरला जायचं आहे. गाडीने तासाभराची वाट. देवळात कुत्रीला नेता येणार नाही, आणि प्रदक्षिणेच्या मार्गावरचे खडक निसरडे, त्यावर लाटा आदळतात. सकाळचं फिरणं उरकल्यावर आई आणि आजी निघतात, वडील आणि मुलगा कुत्रीजवळ थांबतात. संध्याकाळी भूमिका बदलतात. अनेक घरांत हे वाटप आधी बोललं जात नाही, आणि चारही दिवस एकच माणूस खोलीत अडकून पडतो. निघण्यापूर्वीच कोणी कधी थांबायचं हे ठरवलेलं असावं. मुलासाठी पॅरासेलिंगचा बेत असेल तर तेव्हाही कुत्री दूर हवी. गोंगाट, घोडागाडी आणि अनोळखी गर्दी यांनी बिथरलेलं कुत्रं पट्ट्यातून मान सोडवून पळतं. एकतीस डिसेंबरचे फटाके तर त्याला नकोतच. जानेवारी-फेब्रुवारीतल्या आठवड्याच्या मधल्या दिवसांत किनारे बरेच रिकामे असतात.

एवढं करूनही उष्माघाताची चिन्हं दिसलीच, म्हणजे थांबता न येणाऱ्या धापा, चिकट लाळ, गर्द लाल हिरड्या, अडखळती चाल, तर आधी अंग गार करायचं आणि मग गाडीत घालायचं. सावलीत नेऊन नळाचं साधं पाणी पोटावर, जांघांत आणि पायांवर ओतत राहायचं आणि वारा घालायचा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नये, त्याखाली उष्णता कोंडते. तालुक्याच्या ठिकाणचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींसाठी असतात. कुत्र्यांवर उपचार करणारा जवळचा डॉक्टर कोण, तो फोन उचलतो का, हे पुण्यातूनच विचारून घ्यावं. सोबत लसीकरणाची पुस्तिका हवी, आणि तिच्यात रेबीजबरोबर लेप्टोस्पायरोसिसच्या लशीचीही नोंद हवी. उंदरांच्या मुतातून पसरणारा हा आजार भातखाचरांच्या मुलखात, विशेषतः पावसाळ्यात, आढळतो.

परतल्यावर गोड्या पाण्याने आंघोळ घालायची, मग कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत आणि शेपटीखाली गोचीड शोधायचे. सापडला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायचा, रॉकेल किंवा तेल लावायचं नाही. गोचीड-तापाची लक्षणं दिसायला एक ते तीन आठवडे लागतात. तेवढ्या काळात कुत्री जेवायची थांबली, सुस्तावली किंवा तिच्या हिरड्या फिकट दिसू लागल्या, तर पशुवैद्याला सहलीची तारीख सांगून रक्ताची तपासणी करून घ्यायची.