‘तीव्र टंचाई’ म्हणजे नेमके किती लिटर?

कंपन्यांच्या सीएसआर निधीसाठी संस्था पाण्याचे जे प्रस्ताव लिहितात, त्यांतला समस्येचा परिच्छेद बहुधा असा असतो : ‘जल हेच जीवन. जव्हार-मोखाड्याच्या दुर्गम भागात पाण्याची तीव्र टंचाई आहे. महिलांना हंडे घेऊन मैलोन्‌मैल पायपीट करावी लागते. पाड्यावर सौरपंप नसल्याने ग्रामस्थ पाण्यापासून वंचित आहेत. तरी १० लाखांचे साहाय्य मिळावे.’

यातलं काहीच खोटं नाही. तिथे पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, उतारावरून वाहून जातो आणि उन्हाळ्यात विहिरी तळ गाठतात. पण हा मजकूर कुठल्याही पाड्याचं नाव घालून चालेल, आणि निधी समितीपुढे तो तिथेच मागे पडतो. पाण्याचं महत्त्व तर समितीला सांगायलाच नको. सुरक्षित पिण्याचं पाणी कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहेच. ती पहिली ओळ सरळ काढून टाकावी.

खरी गफलत सौरपंपाच्या वाक्यात आहे. पंप नसणं ही समस्या नाही, तो आपण मनात आधीच ठरवलेला उपाय आहे. वाचणारा लगेच विचारतो, पंप बसवला आणि मार्चमध्ये विहीरच आटली, तर? वाक्यातून उपायाचं नाव खोडून पाहावं. मग जे उरतं, ती गरज : एप्रिल-मेमध्ये या पाड्याला पुरेसं पाणी मिळत नाही.

पुरेसं म्हणजे किती, याचं उत्तर जलजीवन मिशनच्या निकषात आहे : माणशी रोज ५५ लिटर. समजा, पाड्यावर ६४ घरं आणि ३१० माणसं आहेत. म्हणजे रोज सुमारे १७,००० लिटर पाणी हवं. आता मिळतं किती, ते विहिरीवर बसूनच मोजावं लागतं. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत भरलेले हंडे मोजायचे आणि एका हंड्यात किती लिटर मावतं ते एकदा मापून घ्यायचं. १५ लिटरचे २७० हंडे भरले, तर झाले जेमतेम ४,००० लिटर. माणशी १३. ‘तीव्र’ या शब्दाने जे सांगता येत नव्हतं, ते या दोन आकड्यांतल्या फरकाने सांगितलं. राज्याची किंवा जिल्ह्याची सरासरी इथे फारशी उपयोगाची नाही. सरासरीत असे पाडे बुडून जातात.

उपायही याच रीतीने मोजावा. समजा, खाली दीड किलोमीटरवर झरा आहे. २० लिटरची बादली लावली, मोबाइलवर वेळ पाहिली. ती १०० सेकंदांत भरली. म्हणजे तासाला ७२० लिटर, दिवसाला सुमारे १७,००० लिटर. हे माप मेमध्येच घ्यावं आणि तारीख लिहावी. जानेवारीत घेतलेलं माप झऱ्याला श्रीमंत दाखवतं. अनुभवी परीक्षक पहिल्यांदा तारीखच पाहतो.

या मापातूनच मागणी तयार होते. सौरपंप उन्हाच्या जेमतेम सहा तासांत चालणार. उरलेल्या अठरा तासांत येणारं सुमारे १३,००० लिटर पाणी ओढ्याने निघून जाणार. म्हणून झऱ्याशी १५,००० लिटरची टाकी हवी. विहीर आणि झरा मिळून २१,००० लिटर होतात, गरज भागते. मात्र गुरांचं पाणी यात धरलेलं नाही, आणि तसं लिहावंच. मर्यादा मोकळेपणाने लिहिली की बाकीच्या आकड्यांवरही विश्वास बसतो.

मग परिच्छेद असा होतो : ‘पाड्यावरच्या ३१० माणसांना रोज १७,००० लिटर पाणी हवे, मेमध्ये विहिरीतून ४,००० लिटर मिळते. दीड किलोमीटरवरच्या झऱ्याला १७,००० लिटर पाणी आहे, पण ते साठवण्याची व वर आणण्याची सोय नाही. टाकी, पंप व जलवाहिनीचा खर्च १४ लाख रुपये. त्यातले ३ लाख ग्रामपंचायत वित्त आयोगाच्या निधीतून देईल, १ लाखाचे श्रमदान होईल. आमची मागणी १० लाखांची आहे.’

मागणी पूर्वीइतकीच, १० लाखांची. पण आता तिच्यातला प्रत्येक रुपया कुठल्या तरी लिटरसाठी आहे.

यावर दोन प्रश्न येतातच. सरकारी योजना असताना आमचे पैसे कशाला? गावठाणात नळ आले असतील आणि पाड्यापर्यंत जलवाहिनी पोचली नसेल, तर ग्रामपंचायतीचं तसं पत्र जोडावं; योजनेचा उल्लेखच टाळला तर माहिती दडवल्यासारखं दिसतं. दुसरा प्रश्न दुरुस्तीचा. घरटी महिना ५० रुपये पाणीपट्टी धरली, तर वर्षाला ३८,४०० रुपये जमतात. ती भरायला लोक तयार आहेत, हे प्रस्ताव पाठवण्याआधी ग्रामसभेत ठरवून घ्यावं आणि ठरावाची प्रत सोबत लावावी.