पॅटी आतून शिजली, हे कशावरून?

बर्गरची पॅटी मधोमध मोडून पाहायची आणि आत गुलाबी दिसली नाही की तवा उतरवायचा, ही पद्धत धोक्याची आहे. अमेरिकेचं कृषी खातं सांगतं, की दर चार बर्गरमधला एक पुरेसा गरम होण्याआधीच आतून तपकिरी होतो. मांसाला हवा लागून जुनेपणा आला, तर रंग आधीच बदललेला असतो.

अख्ख्या मांसाच्या तुकड्यावरचे जंतू बहुधा पृष्ठभागावरच असतात, तव्यावर बाहेरून भाजलं की ते मरतात. खिमा करताना तेच जंतू आतपर्यंत मिसळतात. १९९३ साली अमेरिकेत ‘जॅक इन द बॉक्स’च्या अर्धवट शिजलेल्या बर्गरमधून ई-कोलाय पसरला, सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. म्हणून बीफ किंवा मटणाच्या खिम्याचा गाभा ७१ अंश सेल्सिअसला आणि चिकनचा ७४ अंशांना पोचायलाच हवा.

तिथवर पोचायला लागणारा वेळ मुख्यतः जाडीवर ठरतो. जाडी दुप्पट केली, तर वेळ दुपटीहून बराच जास्त लागतो, कारण उष्णतेला थर ओलांडून मध्यापर्यंत जायचं असतं. एक सेंटिमीटरची पॅटी मोठ्या आचेवर दर बाजूला दोनेक मिनिटांत होते. त्याच आचेवर जाड पॅटी ठेवली, तर बाहेरून करपते आणि आत कच्ची राहते.

मटणाच्या खिम्याची १५० ग्रॅमची पॅटी घ्या: दहा सेंटिमीटर रुंद, दोन सेंटिमीटर जाड. कडा आक्रसल्या की मधला भाग फुगतो, म्हणून मध्यभागी अंगठ्याने उथळ खळगा करा. बिडाचा तवा मध्यम आचेवर नीट तापू द्या, थोडं तेल सोडा. पॅटी ठेवल्यावर चरचर आवाज यायला हवा. आला नाही, तर तवा थंड आहे आणि मांस भाजण्याऐवजी स्वतःच्या पाण्यातच शिजेल. पाचेक मिनिटं हलवू नका. खालून खरपूस तपकिरी झाली की उलथून आणखी चार-पाच मिनिटं ठेवा. कालथ्याने दाबू नका, रस आणि चरबी तव्यावर निघून जाते. बाहेरून रंग चढला, पण आत कमी वाटलं, तर आच मंद करून झाकण ठेवा.

ही मिनिटं केवळ अंदाजाची. तव्याची जाडी, गॅसची आच आणि पॅटी फ्रिजमधून किती गार आली, यावर ती बदलतात. खात्री फक्त स्वयंपाकाचा थर्मामीटर देतो. त्याचं टोक वरून खुपसलं, तर ते तव्याजवळच्या गरम थरात जाऊन आकडा जास्त दाखवू शकतं. म्हणून बाजूने, आडवं मध्यापर्यंत घाला. ६५ दिसलं, तर झाकून एखादं मिनिट ठेवा आणि पुन्हा पाहा. चिकनच्या पॅटीला रंग हलकाच येतो, त्यामुळे तिथे डोळ्यांवर विसंबणं आणखी कठीण.