घशाला खवखव लावणारे कंद कोणते?

महाशिवरात्रीच्या सुमारास भाजीबाजारात रताळी, सुरण, अळकुड्या आणि कोनफळ एकाच टोपलीत मांडलेले दिसतात. सगळ्यांवर माती, सगळेच तपकिरी. नावांची अदलाबदल झाली तरी एरवी फारसं बिघडत नाही, पण रताळ्याच्या हिशेबाने सुरण शिजवला तर जेवणाऱ्यांचा घसा खवखवू लागतो.

रताळं ओळखायला सर्वांत सोपं. दोन्ही टोकांना निमुळतं, साल पातळ, लाल किंवा पांढरी. कापल्यावर दुधासारखा चीक येतो. ते कच्चं खाल्लं तरी खाजत नाही. अळकुडी अंड्याएवढी, केसाळ, अंगभर गोल वळ्या असलेली आणि आतून पांढरी, बुळबुळीत. सुरण म्हणजे चपटा, खडबडीत गोळा. वरच्या बाजूला मधोमध कोंबाचा खळगा, आतला गर फिकट पिवळसर किंवा गुलाबी. कोनफळ वेडंवाकडं असतं आणि त्याचा गर बहुधा गडद जांभळा. कोकणातलं कणगर त्याचंच भावंड, लहान आणि आतून पांढरं.

खाजरे मुख्यतः दोन: सुरण आणि अळकुडी. दोन्ही अळूच्या कुळातले. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया जुड्या बांधल्यासारख्या असतात आणि त्या जिभेला, घशाला टोचतात. उकळत्या पाण्यात या सुया विरघळत नाहीत. म्हणूनच नुसती उकळी आणून भागत नाही, कंद पुरता शिजवावा लागतो. कोनफळ, कणगर सोलताना काहींच्या हाताला खाज येते, तेवढीच. मात्र रानातले कडू करांदे हे वेगळं प्रकरण आहे. तिथे भीती खाजेची नसून विषाची असते, तेव्हा जाणकाराशिवाय त्यांच्या वाटेला जाऊ नये.

अर्धा किलो सुरण घेतला असेल तर तो न धुता, हाताला तेल लावून जाड सोलावा. इंचभर फोडी करून आमसुलाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात अर्धा तास ठेवाव्यात, ते पाणी ओतून द्यावं आणि ताज्या पाण्यात थोडं मीठ घालून पंधरा-वीस मिनिटं उकडाव्यात. सुरी आत गेली म्हणजे झालं असं नाही. फोड बोटांनी दाबताच चुरली पाहिजे. हेही पाणी टाकावं. सगळ्यात जास्त फसगत होते ती कापांत. जाड काप मोठ्या आचेवर बाहेरून खरपूस होतात, पण मधला भाग कच्चाच राहतो. काप पातळ हवेत, आच मंद हवी.

सगळा सुरण सारखाच खाजरा नसतो. आंध्रातल्या कोव्वूरच्या संशोधन केंद्रातून आलेला ‘गजेंद्र’ वाण जवळजवळ खाजतच नाही, गावठी मात्र चांगलाच खाजतो. त्यामुळे विकत घेताना वाण विचारलेला बरा.

इतकं करूनही खवखव झालीच तर थंड दूध किंवा दही घ्यावं. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर थेट दवाखाना गाठावा.