चौथे धुरांडे

28 ऑक्टोबर 1914ची पहाट. मलायातल्या पेनांग बंदरात एक युद्धनौका शांतपणे आत शिरली. तिला चार धुरांडी दिसत होती. ब्रिटिशांची चार धुरांड्यांची 'यार्माउथ' याच समुद्रात गस्त घालत होती, त्यामुळे अंधुक उजेडात कोणालाही ती आपलीच वाटावी. खरे तर ती जर्मन 'एम्डेन' होती. महिनाभरापूर्वी मद्रासच्या किनाऱ्यावरच्या तेलाच्या टाक्या पेटवून गेलेली तीच. तिला मुळात तीनच धुरांडी. चौथे खलाशांनी लाकडी सांगाड्यावर कापड ताणून आणि वर रंग फासून उभे केले होते.

बंदरात नांगर टाकून रशियाची 'झेमचुग' उभी होती. एम्डेन तिच्या अगदी जवळ आली. इथे कप्तान कार्ल फॉन म्युलरने एक गोष्ट केली, ती नीट पाहण्यासारखी आहे. टॉर्पेडो सोडण्याआधी त्याने जर्मन नौदलाचे निशाण वर चढवले. मग मारा सुरू झाला. काही मिनिटांत झेमचुग बुडाली आणि ऐंशीहून जास्त रशियन खलाशी मेले.

खोटे धुरांडे लावून, आपण कोण हे लपवून शत्रूच्या उशाशी जायचे आणि त्याला मारायचे, हा विश्वासघात नाही का? युद्धाचा कायदा म्हणतो, नाही. ही हूल आहे आणि हूल द्यायला मुभा आहे. आपल्याला गनिमी कावा माहीत असल्याने हे समजणे अवघड जाऊ नये. झाडाझुडपांत लपणे, लाकडी तोफा मांडणे, खोटी बातमी सोडणे, एका बाजूला हालचाल दाखवून दुसरीकडून चालून जाणे, हे सगळे यातच येते. शत्रूने डोळे उघडे ठेवावेत ही त्याची जबाबदारी. फसला तर दोष त्याच्या सावधपणाचा.

विश्वासघात वेगळ्याच जागी सुरू होतो. पांढरे निशाण दाखवणाऱ्यावर, हात वर करणाऱ्यावर, जखमी होऊन पडलेल्यावर, साध्या नागरिकावर शस्त्र चालवायचे नाही, असे कायदा सैनिकाला बजावतो. तो कायदा पाळून सैनिक बंदूक खाली करतो. नेमक्या त्याच क्षणी समोरच्याने पांढऱ्या फडक्याआडून गोळी झाडली, किंवा मेल्याचे सोंग घेऊन पडलेल्याने जवळ आलेल्या शुश्रूषकाला मारले, तर त्याने शत्रूच्या डोळ्यांना नव्हे, त्याच्या कायदा पाळण्याला फसवले. 1977च्या जिनिव्हा पूरक कराराच्या 37व्या कलमात हाच भेद लिहिला आहे. असा विश्वास मुद्दाम निर्माण करून, त्याचा घात करून कोणाला मारणे, जखमी करणे किंवा पकडणे निषिद्ध आहे. पळून जाण्यासाठी मेल्याचे सोंग घेतले आणि कोणाला इजा केली नाही, तर तो या अर्थाने विश्वासघात ठरत नाही.

या नियमाचे खरे कारण मला फार महत्त्वाचे वाटते. एकदा पांढऱ्या निशाणाआडून गोळी आली की त्या आघाडीवर पुढे खरोखर शरण येणाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? खोट्या शरणागतीची किंमत पुढच्या खऱ्या शरणागताला जिवाने मोजावी लागते, आणि तो बहुधा त्याच सोंग घेणाऱ्याच्या बाजूचा असतो.

समुद्रावरचा जुना रिवाज असा की दुसऱ्याचे निशाण लावून जवळ येता येते, पण तोफ डागण्याआधी आपले खरे निशाण वर गेलेच पाहिजे. म्युलरने तेच पाळले. जमिनीवर नियम जास्त कडक आहे. हल्ला करताना शत्रूचा गणवेश वापरायला 1977च्या कराराने बंदी घातली, पण त्याच करारात समुद्रावरचा जुना रिवाज तसाच ठेवला.

पेनांगहून बाहेर पडताना एम्डेनला 'मूस्के' ही छोटी फ्रेंच विनाशिका आडवी आली. काही मिनिटांत तीही बुडाली. शत्रूची जहाजे मागावर येण्याची भीती होती, तरी म्युलरने बोटी उतरवल्या आणि पाण्यातून 36 फ्रेंच खलाशी वर काढले. जखमींवर एम्डेनवरच उपचार झाले, त्यांतले काही वाचले नाहीत. दोन दिवसांनी एक ब्रिटिश व्यापारी जहाज हाती लागले. ते न बुडवता म्युलरने फ्रेंच जखमींना त्यावर चढवले आणि पुढे जाऊ दिले. जहाज बुडाले की त्यावरचा माणूस शत्रू उरत नाही, तो पाण्यात पडलेला माणूस असतो. त्याने पुन्हा शस्त्र उचलले नाही तर त्याला मारायचे नाही, उलट शक्य तेव्हा वाचवायचे.

हाच नियम कसा मोडतो ते पुढच्या वर्षी दिसले. 19 ऑगस्ट 1915 रोजी आयर्लंडच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडी यू-27 'निकोशियन' या खेचरे वाहून नेणाऱ्या जहाजाला बुडवण्याच्या बेतात होती. व्यापारी जहाजाचे सोंग घेतलेली ब्रिटिश 'बॅरालाँग' अमेरिकेचे निशाण लावून जवळ आली. अमेरिका तेव्हा युद्धात नव्हती. तोफा चालवण्याआधी तिने ते निशाण उतरवून ब्रिटिश निशाण चढवले. इथवर सगळे हुलीत बसत होते. पण पाणबुडी बुडाल्यावर वाचलेले जर्मन खलाशी पोहत निकोशियनकडे निघाले, तेव्हा त्यांना पाण्यातच गोळ्या घातल्या. काही जण जहाजावर चढले होते, त्यांनाही शोधून मारले. ते जहाज बुडवतील अशी भीती वाटली, असा बचाव पुढे आला. मला तो पटत नाही. पाण्यातून आलेल्या, निःशस्त्र माणसांना धरून बांधता आले असते. जर्मनीने खटल्याची मागणी केली, पण खटला झालाच नाही.

शरण येण्याचा सगळ्यात अवघड भाग म्हणजे ते समोरच्याला कळणे. एम्डेनचा शेवट नेमका इथे अडखळला. 9 नोव्हेंबर 1914 रोजी कोकोस बेटांजवळ ऑस्ट्रेलियाच्या 'सिडनी'ने तिला गाठले. दोनेक तासांत एम्डेनची चाळण झाली आणि म्युलरने तिला नॉर्थ कीलिंग बेटाच्या प्रवाळावर चढवले. सिडनी तिच्याबरोबरच्या कोळशाच्या जहाजामागे गेली. दुपारी परत आली तेव्हा एम्डेनच्या डोलकाठीवर जर्मन निशाण अजून फडकत होते. कप्तान जॉन ग्लॉसॉपने संदेश पाठवला, शरण येता का? एम्डेनवरची संकेतपुस्तके तोवर नष्ट झाली होती. 'पुस्तके नाहीत, संदेश कळत नाही', अशा अर्थाचे उत्तर आले. निशाण उतरले नाही म्हणजे जहाज लढतेच आहे, असे मानून ग्लॉसॉपने पुन्हा तोफा डागल्या. आणखी माणसे मेली. मग निशाण उतरले आणि पांढरी चादर वर गेली. मारा लगेच थांबला.

नियमाप्रमाणे ग्लॉसॉप चुकला नाही. शरणागती स्पष्ट दिसली पाहिजे, ती समोरच्याने ओळखून घ्यायची नसते. तरी प्रवाळावर अडकलेल्या, तोफा बंद पडलेल्या जहाजावरची ती शेवटची फैर वाचताना घशाशी येते. सिडनी त्या रात्री केबल स्टेशनकडे गेली आणि दुसऱ्या दिवशी जखमींना न्यायला परतली. लाटांमुळे त्यांना बोटींत उतरवणे फार कठीण गेले. एम्डेनवरचे 130हून अधिक लोक मेले होते. म्युलर कैदी झाला, पण त्याची तलवार त्याच्याकडेच राहू दिली.

सिडनी कोलंबो बंदरात शिरली तेव्हा ऑस्ट्रेलियन सैनिकांनी भरलेली जहाजे तिची वाट पाहत उभी होती. ग्लॉसॉपने आधीच कळवले होते की जहाजावर जखमी जर्मन आहेत, जयघोष करू नका. कठड्यांशी दाटीने उभे असलेले सैनिक गप्प राहिले.